"आता फक्त घरचे या"

चुलतबहिणीच्या लग्नात फोटोग्राफरने हाक दिली, "आता फक्त घरचे या." मी पुढे गेले. माझी जोडीदार जागीच थांबली, आणि काकूने जाता जाता सगळ्यांच्या पर्स तिच्या हातात दिल्या. सात वर्षं आम्ही एका घरात राहतोय. फोटो होईपर्यंत ती त्या पर्स सांभाळत उभी होती.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मैत्रीण म्हणून ओळख करून दिलीस, त्याचं काही नाही. ते आपलं ठरलं होतं. फोटोचं ठरलं नव्हतं."

खरंच ठरलं नव्हतं. आम्ही 'सांगायचं की नाही' एवढ्यावरच महिनाभर बोललो होतो. पण समारंभात तो प्रश्न एकदाच येत नाही. ओळख करून देताना येतो, खोल्या वाटताना येतो, "तुझं कधी?" असं कुणी विचारलं की येतो. त्या क्षणी एकमेकींना विचारायला वेळ नसतो, मग जी घरची असते ती घाबरून मागे सरते आणि दुखावली जाते पाहुणी.

मावसभावाच्या लग्नाआधी दोन आठवडे मी त्याला फोन केला. परवानगी मागायला नाही. "ती माझी जोडीदार आहे, घरच्यांच्या फोटोत माझ्या शेजारी उभी राहील, फोटोग्राफरला सांगून ठेव," असं सरळ सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "आजीने विचारलं तर?" म्हटलं, "माझ्याकडे पाठव."

पण तिच्या ऑफिसात कुणालाच माहीत नाही. लग्नाचे फोटो तासाभरात फेसबुकवर चढतात, कुणीतरी टॅग करतं, आणि जे तिने स्वतः सांगायचं ते सहकाऱ्यांना परस्पर कळतं. मला तो फोटो सगळ्यांना दाखवायचा होता, तिला नको होता. नोकरी तिची, म्हणून शब्द तिचाच शेवटचा. तो फोटो कुठेही टाकायचा नाही, हे भावाला आधीच सांगितलं.

मात्र जिला लपून राहावं लागतं तिचाही हक्क असतो, असं मला ठामपणे वाटतं. न बोलणं चालेल, खोटं बोलणं नाही. 'रूममेट' हा शब्द आम्ही बंद केलाय. कुणी खोदून विचारलंच तर "आम्ही एकत्र राहतो" एवढंच सांगायचं. आणि दोघींपैकी एकीने "डोकं दुखतंय" म्हटलं की दुसरीने कारण न विचारता निघायचं. त्या लग्नात जेवणानंतर ती तसं म्हणाली. आम्ही निघालो. कारण तिने दोन दिवसांनी सांगितलं.

फोटो मावशीच्या अल्बममध्ये आहे. ती माझ्या शेजारी आहे, दोन्ही हात मोकळे. मावशी अजून तिला "तुझी मैत्रीण"च म्हणते. ते दुरुस्त करायचं का, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.