अर्धी 12.5 म्हणजे 6.25 नव्हे

"झोपेच्या गोळीवर ‘सीआर’ लिहिलेलं असतं ती नुसती पैसे उकळायची युक्ती आहे. औषध तेच, पोटात गेलं की सगळं सारखंच. 12.5 ची आणा, सुरीने अर्धी करा, 6.25 स्वस्तात पडते. चुरून घेतली तर झोप आणखी लवकर लागते. आणि पहाटे जाग आली तर उरलेली अर्धी आहेच!"

सदाशिव पेठेतल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा मेसेज मला महिन्याभरात चार जणांनी दाखवला. मेसेजमध्ये गोळीचं नाव नाही, पण 12.5 आणि 6.25 हे आकडे झोल्पिडेमच्या सीआर गोळीचेच. साधी झोल्पिडेम 5 आणि 10 मिलिग्रॅममध्ये येते.

औषध तेच हे खरं आहे, फरक ते सुटतं कसं यात आहे. सीआर म्हणजे कंट्रोल्ड रिलीज, औषध हळूहळू सोडणारी गोळी. झोल्पिडेम शरीरात फार टिकत नाही, साधारण अडीच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून साधी गोळी झोप लावते, पण ज्यांना पहाटे तीनला टक्क जाग येते त्यांना ती पुरत नाही. अशांसाठी सीआर गोळी दोन थरांची केली. एक थर पोटात लगेच विरघळतो. दुसऱ्या थरात पाणी लागलं की फुगून चिकट होणारा पदार्थ असतो. सब्जा भिजल्यावर भोवती जसा बुळबुळीत थर धरतो, तसंच काहीसं. त्या थरातून औषध हळूहळू झिरपतं. म्हणूनच 12.5 ची सीआर अख्खी घेतली तर रक्तातलं सर्वांत वरचं प्रमाण साध्या 10 च्या गोळीपेक्षा थोडंसंच जास्त जातं. जादाचं औषध पुढच्या तासांसाठी राखलेलं असतं.

गोळी चुरली की हा थर राहतच नाही. बारीक कणांना पाणी चहूबाजूंनी भिडतं आणि सगळं 12.5 एकदम सुटतं. साध्या गोळीचा एका रात्रीचा कमाल डोसच 10 आहे. झोप लवकर लागते हे मेसेजवाल्याचं म्हणणं खोटं नाही. पण पहिल्या दोन तासांत गुंगी नको इतकी चढते, म्हणजे नेमकी बाथरूमला उठायच्या वेळी. आणि पहाटेसाठी काही उरत नाही, म्हणजे ज्यासाठी सीआर आणली तेच गेलं.

सुरीने अर्धी केल्यावर इतकं वाईट होत नाही, पण कापलेल्या बाजूने आतला थर उघडा पडतो आणि तिथून औषध लवकर सुटतं. किती लवकर, ते सुरी कुठे बसली आणि किती चुरा सांडला यावर. वजनाने 6.25 मिळेलही, 6.25 च्या अख्ख्या गोळीसारखं वागणं मिळत नाही.

शेवटची ओळ मात्र सगळ्यांत घातक. आमच्या ओळखीचे एक काका, वय 72. वयामुळे डॉक्टरांनी त्यांची 12.5 कमी करून 6.25 केली होती. घरी जुनी स्ट्रिप शिल्लक, त्यात हा मेसेज आला. रात्री दहाला अर्धी घेतली, अडीचला जाग आली, तीनला उरलेली अर्धी. सहाला नेहमीसारखे पर्वतीला. हिशोब करून पाहा. तीनच्या औषधाचा जोर साधारण दीड तासाने, साडेचारच्या सुमारास असतो. सहा वाजेपर्यंत त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त शिल्लक, वर रात्री दहाला घेतलेल्या अर्धीचा उरलासुरला भाग. उतारवयात हे औषध रक्तात जास्त चढतं, ते वेगळंच. पायऱ्यांवर तोल जायला लागला म्हणून काका कठड्याला धरून खाली बसले. स्कूटरवर असते तर? गोळी घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात हवेत, तीन नव्हेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये तर सीआर घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये असाच इशारा दिला. त्याच वर्षी बायकांसाठी सुरुवातीचा डोस 6.25 वर आणला, कारण त्यांच्या शरीरातून हे औषध सावकाश जातं.

"मग माझी बीपीची एक्सएल गोळी डॉक्टर अर्धी का देतात?" असं काकांनी विचारलंच, पुण्यात प्रश्न कुठे संपतात! त्यांची ती मेटोप्रोलॉल, तीही औषध हळूहळू सोडणारीच. त्यातल्या काही गोळ्यांत शेकडो बारीक दाणे असतात, प्रत्येक दाणा स्वतःचं आवरण घेऊन. अर्धी केली तरी दाणे शाबूत, म्हणून मधे रेघ असते. ती चुरायची मात्र नाही. काकांच्या झोपेच्या गोळीवर रेघ नव्हतीच.

पैशाचा मुद्दा एका अर्थी खरा आहे. ज्यांना फक्त झोप लागायला त्रास होतो आणि पुढे जाग येत नाही, त्यांना सीआरची गरज नसते. साधी 5 ची चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळी गिळवत नसेल तरी तेच सांगा, चिठ्ठीच बदलून मिळेल.

काका आता 6.25 ची अख्खी घेतात. जुनी 12.5 ची स्ट्रिप परत करायला आले होते. अर्धी वापरलेली स्ट्रिप परत घेता येत नाही म्हटल्यावर जरा रागावलेच.