थीटा ही गॅमाची किंमत आहे

«थीटा म्हणजे ऑप्शन विकणाऱ्याचा पगार. बाजार हलो न हलो, रोज खात्यात जमा. विकत घेणाऱ्याला दिशा आणि वेळ दोन्ही अचूक साधावी लागतात, नाहीतर प्रीमियम वितळून जातो. शेवटच्या आठवड्यात थीटा सगळ्यात वेगात पळतो, म्हणून विकायचं तर तेव्हाच. शनिवार-रविवार तर फुकटचे. दहापैकी सात दिवस सेलर जिंकतो, आणखी काय पुरावा हवा?»

थीटा म्हणजे वेळ जाईल तशी ऑप्शनच्या किमतीतून रोज वितळणारी रक्कम. वरच्या दाव्यातल्या दिशेच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे मुद्दे त्यावरच उभे आहेत.

एक शेअर 1000 वर आहे असं धरू. 1000 स्ट्राइकचा कॉल, म्हणजे 1000 या ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, एक्स्पायरीला कामकाजाचे 21 दिवस बाकी, इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेली हालचाल, 16 टक्के, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून व्याज शून्य. या कॉलची किंमत साधारण 18.4 येते. तुम्ही 1000 शेअरइतके कॉल घेतले. डेल्टा, म्हणजे शेअर एक पॉइंट हलला की कॉलची किंमत किती हलते ते, 0.51 आहे, म्हणून 510 शेअर शॉर्ट केले. आता शेअर थोडा वर गेला काय किंवा खाली गेला काय, त्या क्षणी तुम्हाला फरक पडत नाही. दिशेवर तुमची पैज उरलेलीच नाही.

पहिल्या दिवशी शेअर 1020 वर बंद होतो. कॉलचा डेल्टा वाढून 0.68 च्या आसपास जातो. पुन्हा दिशाहीन व्हायचं तर आणखी 170 शेअर 1020 ला विकावे लागतात. दुसऱ्या दिवशी शेअर परत 1000 वर येतो. डेल्टा पुन्हा 0.51 होतो, म्हणून ते 170 शेअर तुम्ही 1000 ला परत घेता. या खरेदी-विक्रीत 170 गुणिले 20, म्हणजे 3400 मिळाले. सुरुवातीच्या 510 शेअरचं जितकं नुकसान झालं तितकंच भरून निघालं. कॉलची किंमत दोन दिवसांत 18.4 वरून 17.5 वर आली, म्हणजे सुमारे 900 गेले. खर्च सोडला तर हातात 2500 उरले. शेअर मात्र जिथे होता तिथेच आहे.

या दोन दिवसांत दिशा ओळखायची गरज कुठेच पडली नाही. गॅमा म्हणजे शेअर एक पॉइंट हलला की डेल्टा किती बदलतो ते. वरच्या उदाहरणात तो एका पॉइंटमागे साधारण 8.6 शेअर आहे. गॅमा तुमच्या बाजूने असला की हेज, म्हणजे दिशाहीन राहण्यासाठी केलेली ही शेअरची खरेदी-विक्री, तुम्हाला आपोआप वर विकायला आणि खाली घ्यायला लावतो. समोरच्या सेलरने हेज ठेवला असेल तर त्याला याच दोन दिवसांत 1020 ला घ्यावं लागलं आणि 1000 ला विकावं लागलं. दिशा साधावी लागते ती हेज न करणाऱ्या बायरला. तो गॅमाचे पैसे मोजतो, पण गॅमातून येणारी कमाई उचलत नाही. शेअर वर जाऊन परत आला की त्याच्या हातात फक्त वितळलेला प्रीमियम राहतो. त्याची तक्रार खरी आहे, पण तो दोष थीटाचा नव्हे.

आता ‘पगारा’कडे येऊ. हेज केलेल्या बायरला शेअर कुठेही हलला तरी मिळतंच: वर गेला तरी, खाली आला तरी. हे मिळणं अंदाजे अर्धा गुणिले गॅमा गुणिले हालचालीचा वर्ग इतकं असतं. अशी गोष्ट कोणी फुकट देणार नाही, म्हणून तिची रोजची किंमत वसूल होते, आणि त्या किमतीचं नाव थीटा. 1973 च्या ब्लॅक-शोल्स समीकरणात व्याज शून्य धरलं की एवढंच उरतं:

```
Θ = −½ · Γ · S² · σ²
```

डावीकडे थीटा, उजवीकडे गॅमा; S हा शेअरचा भाव आणि σ ही इथे एका दिवसाची व्होलॅटिलिटी. दोघांना वेगळं करायला सूत्रात जागाच नाही. एकाच स्ट्राइकचा, एकाच एक्स्पायरीचा असा ऑप्शन मिळणार नाही की ज्यात थीटा मिळतो पण गॅमा द्यावा लागत नाही.

आपल्या कॉलमध्ये थीटा रोजचा सुमारे 440 आहे. मग शेअर किती हलला की बायरचे हे 440 सुटतात? 16 टक्के ही वर्षाची व्होलॅटिलिटी. वर्षात कामकाजाचे दिवस 252 धरले तर त्याचं वर्गमूळ 16 च्या जवळ येतं, म्हणून दिवसाला साधारण 1 टक्का, म्हणजे 10 पॉइंट. डेस्कवर लोक इम्प्लाइड व्होलॅटिलिटीला, म्हणजे आयव्हीला, 16 ने भागून हाच आकडा डोक्यात ठेवतात. शेअर 3 पॉइंट हलला तर गॅमातून जेमतेम 40 येतात आणि बायर 400 गमावतो. 10 पॉइंट हलला तर बरोबरी. 20 हलला तर 1730 येतात, 30 हलला तर जवळपास 3900. हालचाल दुप्पट, कमाई चौपट. ‘बाजार हलो न हलो’ हे वाक्य इथे टिकत नाही. थीटा रोज जमा होतो हे खरं, पण गॅमाचं बिलही रोजच येतं आणि ते हालचालीच्या वर्गाने फुगतं. सेलरने एकच रकाना पाहिला आहे.

वर्ग किती फुगतो याचं खरं उदाहरण द्यायचं तर 5 फेब्रुवारी 2018. त्याआधीच्या शुक्रवारी व्हिक्स, म्हणजे एस अँड पी 500 च्या ऑप्शनमधून काढलेला आयव्हीचा आकडा, 17.31 वर बंद झाला होता. 16 ने भागलं की दिवसाला साधारण 1.1 टक्क्याची हालचाल किमतीत धरलेली होती. त्या सोमवारी एस अँड पी 500 निर्देशांक 4.1 टक्के पडला, म्हणजे जवळपास पावणेचार पट. वर्ग केला तर चौदा. गॅमा तेवढाच राहिला असं धरलं तर सेलरचा चौदा दिवसांचा थीटा एका दिवसात गेला. त्याच दिवशी व्हिक्स 37 च्या वर बंद झाला. आयव्ही चढल्याने पोझिशनवर पडलेला तोटा यात धरलेलाच नाही.

दहापैकी सात दिवसांच्या पुराव्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण त्यावर विसंबून लोक पोझिशन दुप्पट करतात. समजा ऑप्शनची किंमत अगदी चोख आहे, ना स्वस्त ना महाग. शेअरची रोजची हालचाल नॉर्मल वितरणातून येते आणि तिचं प्रमाण विचलन बरोबर 10 पॉइंट आहे. मग 10 पेक्षा कमी हालचाल होण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे सेलरला एका पैशाचाही फायदा नसलेल्या सौद्यातसुद्धा तो दहापैकी जवळपास सात दिवस हिरव्यात दिसणार. उरलेले तीन दिवस ते सगळं परत घेतात. सात-तीनचा आकडा सेलरकडे काही खास आहे असं सांगत नाही, तो फक्त वर्गाचा आकार दाखवतो. खास आहे की नाही हे पाहायचं तर दिवस मोजू नका. कागदावर लिहा: विकताना आयव्ही किती होती, आणि पोझिशन धरून होता त्या काळात शेअर प्रत्यक्षात किती हलला.

शेवटच्या आठवड्याचं गणितही तसंच आहे. तोच 1000 चा कॉल, पण 5 दिवस बाकी असताना थीटा 440 वरून 900 च्या आसपास जातो. दावा इथेच थांबतो. गॅमाही 8.6 वरून 17.7 वर गेलेला असतो, म्हणजे दोघंही दुप्पट. बरोबरीची हालचाल तेव्हाही 10 पॉइंटच! 20 पॉइंटच्या दिवशी सेलरला निव्वळ 2600 च्या पुढे फटका बसतो, म्हणजे तीन दिवसांचा थीटा. हे अर्थात शेअर स्ट्राइकजवळ असेल तर. दूरच्या स्ट्राइकचा थीटा शेवटी शेवटी उलट मंदावतो, कारण तिथे गॅमाच उरत नाही. आणि अगदी शेवटच्या तासांत हे अर्धा-गॅमा-वर्गाचं अंदाजी गणितही ढिलं पडतं, कारण शेअर चार पॉइंट हलला तरी गॅमा स्वतःच बदलून जातो.

शनिवार-रविवारबद्दल थोडक्यात. कॅलेंडरचे दिवस मोजणारं सॉफ्टवेअर शुक्रवारी तीन दिवसांचा थीटा दाखवतं. पण शुक्रवारच्या बंदपासून सोमवारच्या बंदपर्यंत शेअर तीन दिवसांइतका हलत नाही हे बाजाराला ठाऊक असतं, म्हणून मार्केट मेकर सुट्टीचं वजन कमी धरतात. त्याची खूण पडद्यावर दिसते: शुक्रवारी दुपारी आयव्ही खाली येते आणि सोमवारी सकाळी तीच ‘चढते’. सेलरला वाटतं आयव्हीने घात केला. खरं तर जो थीटा त्याला सोमवारी मिळणार होता, तो शुक्रवारी विकतानाच किमतीतून वजा झालेला होता.

मग सेलर कमावतच नाही का? कमावतो. मोठ्या निर्देशांकांत दीर्घ काळात आयव्ही ही नंतर प्रत्यक्ष झालेल्या व्होलॅटिलिटीपेक्षा सरासरीने जास्त राहिलेली आहे, आणि हा फरक सेलरच्या वाट्याला येतो. पण तो थीटा नव्हे. 440 च्या थीटातून सरासरीने गॅमाचं बिल 380 आलं तर कमाई 60 ची. 16 च्या भावाने विकलेला ऑप्शन 19 टक्क्यांनी हलणाऱ्या शेअरवर असेल तर थीटा रोज जमा होत राहील आणि खातं तरीही आटत जाईल. उलट बायरने 16 ला घेतलं आणि शेअर 19 ने हलला, तर गॅमा आपला रोजचा क्षय भागवून वर काहीतरी देतो.

बायरलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. महिन्याची सरासरी हालचाल जास्त असून भागत नाही, ती गॅमा असताना व्हावी लागते. शेअर पहिल्या आठवड्यात मुकाट्याने 1090 वर सरकला आणि मग तिथे रोज 25 पॉइंट उसळ्या मारू लागला, तर 1000 च्या कॉलमध्ये गॅमा जवळपास संपलेला असतो. डेल्टा 1 ला टेकलेला, हेजमध्ये विकायला-घ्यायला काही नाही. तिथे थीटाही जवळपास शून्य असतो, त्यामुळे फार काही जातही नाही, पण ती सगळी धावपळ दुसऱ्याच कोणाच्या स्ट्राइकवर पैसे देऊन जाते. म्हणून लाँग गॅमा टिकवायचा तर शेअरच्या मागोमाग स्ट्राइक सरकवत राहावं लागतं. प्रत्येक सरकवणीत ब्रोकरेज आणि बोली-मागणीतला फरक जातो, आणि तो आधी त्या 16 आणि 19 मधल्या अंतरातून वजा करून पाहायला हवा.