टिकाल ना?

आमच्या बाबांचा बायोडेटा एका ओळीत संपतो. जिल्हा परिषदेत चिकटले, तिथूनच निवृत्त झाले. माझा वाचताना समोरच्याला मध्ये पाणी प्यावं लागतं. अकरा महिने, सात महिने, दीड वर्ष, पाच महिने. नोकऱ्यांपेक्षा भाडेकरारच वाटतात.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या खोडी काढायचा पगार घेतो. मुलाखतीत हे काम एचआरच्या मॅडम फुकटात करतात. त्यांचं पेन वरून खाली येतं, तारखांपाशी थबकतं, आणि मग ते गोड हसू. "तुम्ही जरा लवकर लवकर बदललंय, नाही का?" मोडलेल्या सोयरिकीची चौकशी करताना आमची आत्या अगदी असंच हसते.

मित्राने सल्ला दिला, "महिने उडव, नुसती वर्षं लिही. आणि ते पाच महिने तर टाकूच नकोस, कोणाला कळतंय?" पीएफला कळतं. यूएएन नंबर एकच असतो, आणि प्रत्येक नवी कंपनी त्याच नंबराखाली आपलं खातं जोडते. सर्व्हिस हिस्टरी उघडली की कुठे कधी लागलात, कधी सुटलात, सगळं तारीखवार समोर येतं. ऑफर दिल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले पुष्कळदा नेमकं तेच मागतात. पाच महिने टिकलेला माणूस एकवेळ चालतो, पाच महिने लपवणारा चालत नाही. आणि नुसत्या वर्षांचं म्हणाल, तर '२०२१-२०२२' म्हणजे दोन वर्षंही होऊ शकतात आणि डिसेंबर ते जानेवारीही. मॅडमना हे आपल्याआधी माहीत असतं. त्या पहिला प्रश्न महिन्याचाच विचारतात.

माझं भलं केलं ते त्याच सर्व्हिस हिस्टरीने. पहिल्या दोन नोकऱ्या तिथे एकच दिसत होत्या! मी एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पेरोलवर होतो. तिने मला आधी एका क्लायंटकडे बसवलं, प्रोजेक्ट संपल्यावर दुसऱ्याकडे. पगार एकाच नावाने, पीएफ एकाच खात्यात. मी मात्र भारी नावं दिसावीत म्हणून क्लायंटच वर लिहीत होतो. आता वर पेरोलवाली कंपनी, सलग दीड वर्ष, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात दोन्ही प्रोजेक्ट. एक अक्षर खोटं न लिहिता माझं एक घर कमी झालं.

पुढची दीड वर्षं स्टार्टअपमध्ये गेली. तिचे पैसे संपले आणि ऑफिसला कुलूप लागलं. हे तोंडी सांगितलं की रडगाणं वाटतं, म्हणून तारखांशेजारीच लिहून टाकलं : 'कंपनी बंद झाली.' प्रश्न उगवायच्या आतच उत्तर. पण कुलूप लावणाऱ्यांनी माझी नोकरी सोडल्याची तारीख पीएफमध्ये भरलीच नव्हती. सरकारदरबारी मी अजून त्या बंद दाराआड इमानेइतबारे टेस्टिंग करत होतो, आणि पुढच्या कंपनीतही. व्हेरिफिकेशनवाल्यांना हा दुहेरी संसार वाटला. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख आपली आपण पोर्टलवर भरता येते, आधारच्या ओटीपीने. ती भरली. अनुभवपत्र द्यायला तिथे कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट आणि फॉर्म १६ कामी आले.

राहिले ते पाच महिने. ती एकच नोकरी मी आपणहून सोडली. घेतलं टेस्टर म्हणून, बसवलं रात्रपाळीला फोन उचलायला. यावर मी तासभर बोलू शकतो, कॅबवाल्याच्या गाण्यांसकट. पण मुलाखतीत एवढंच म्हणायचं : "काम ठरल्यापेक्षा वेगळं निघालं. मॅनेजरशी बोललो, बदल होणार नव्हता, म्हणून नोटीस पूर्ण करून निघालो." आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं. मॅडम मुद्दाम काही बोलत नाहीत, एसी घुं घुं करतो, आणि जिभेच्या टोकावर तो मॅनेजर येऊन उभा राहतो. त्याला तिथेच थोपवायचं. जुन्या ऑफिसची उणीदुणी काढणारा उद्या आपलीही काढेल, हा हिशेब समोर चालूच असतो.

परवा हे सगळं जमलं. एसी चालू होता, मी गप्प होतो. अखेर मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. पण इथे तरी टिकाल ना? आम्हाला लाँग टर्म माणूस हवाय."

"नक्की," मी म्हणालो. "पोस्ट कायम आहे ना?"

"तसं सुरुवातीला सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं. पुढे बघू."

"आणि पीएफ कोणाच्या नावाने कापला जाईल?"

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.