दोन हाती तलवार इतकी जड नव्हती

“दोन हातांची तलवार पंधरा किलोची असायची, एक वार केला की पुन्हा उचलायलाच वेळ लागे.”

कथा लिहिणाऱ्यांमध्ये असा समज दिसतो, पण हे वजन सिनेमातलं आहे. सोळाव्या शतकातल्या जर्मन पायदळाची लढाईतली दोन हाती तलवार बहुधा 2 ते 3.5 किलोची असे. त्याहून जड नमुने संग्रहालयांत दिसतात, पण ते बरेचदा मिरवणुकीत धरायचे. पातं टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून तोल मुठीजवळच राहतो.

खरी अडचण उचलण्यात नाही, थांबवण्यात आहे. पुढचा हात मुठीवरच्या आडव्या दांडीलगत, मागचा मुठीच्या टोकाशी. एक ढकलतो, दुसरा ओढतो. वार हुकला तर तलवार झटक्यात अडवायची नाही, तोच वेग डोक्यावरून वळवून पुढच्या वारात घालायचा आणि त्याबरोबर पाऊल टाकायचं. मधेच अडवली की लढणाऱ्याचा तोल जातो आणि हात उघडे पडतात. त्यामुळे तुमच्या कथेतला नायक मोकळ्या चौकात तिघांना दूर ठेवू शकेल. अरुंद जिन्यात मात्र त्याला पुढच्या हाताने पात्याचा मुठीलगतचा बोथट भाग धरून भाल्यासारखं भोसकावं लागेल. आणि कृपया पाठीवरच्या म्यानातून ती उपसू नका, एवढं लांब पातं बाहेर काढायला हात पुरतच नाही. ती खांद्यावर टाकूनच नेत.