चित्राची साइज फ्रेमसकट लिहायची? एका फॉरवर्डला उत्तर

«चित्रं ऑनलाइन विकणाऱ्यांनो, या टिप्स सेव्ह करा!! १) साइज नेहमी फ्रेमसकट लिहा, आकडा मोठा दिसला की भाव चांगला मिळतो. २) रंगाचं टेन्शन नको. खाली "स्क्रीनमुळे रंगात फरक पडू शकतो" एवढी ओळ टाका, मग कायद्याने रिटर्न घ्यावंच लागत नाही. ३) कागद कुठलाही असो, "३०० जीएसएम आर्ट पेपर" लिहा, घरी कोण तपासतंय? ४) फ्रेमला "वुडन", समोर "ग्लास" लिहा, सगळे तेच लिहितात. जास्तीत जास्त कलाकारांपर्यंत पोचवा.»

हा मेसेज माझ्या वहिनीला तिच्या चित्रकलेच्या ग्रुपवर आला. ती सांगलीत राहते, जलरंगात चित्रं काढते आणि त्यांचे प्रिंट फ्रेम करून विकते. मेसेजवर विश्वास ठेवून तिने आपल्या लिस्टिंग बदलल्या आणि त्यानंतर गेलेलं पहिलंच पार्सल नागपूरहून परत आलं. प्रिंट काढणं आणि फ्रेमिंग हेच माझं रोजचं काम असल्यामुळे तिने मला विचारलं, "यात चुकलं कुठे?" चारही ठिकाणी चुकलंय. पण सर्वांत जास्त नुकसान पहिल्या मुद्द्याने केलं, म्हणून तो सविस्तर घेते.

परत आलेलं चित्र ए-फोर कागदावरचा प्रिंट होतं. हा कागद २१ बाय २९.७ सेंटीमीटरचा असतो. प्रिंटभोवती वहिनी दीड सेंटीमीटर कोरी कड ठेवते, म्हणजे प्रत्यक्ष छापलेलं चित्र उरतं १८ बाय २६.७. त्यावर माउंट बसवलं. माउंटची खिडकी चित्रापेक्षा थोडी मोठी, १९ बाय २७.७, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा सेंटीमीटर पांढरा कागद दिसतो. माउंटची रुंदी प्रत्येक बाजूला पाच सेंटीमीटर, त्यामुळे माउंट झालं २९ बाय ३७.७. त्यावर अडीच सेंटीमीटर रुंद पट्टीची फ्रेम. पट्टीचा आतला ओठ माउंटवर साधारण अर्धा सेंटीमीटर चढतो, तेव्हा प्रत्येक बाजूला दोन सेंटीमीटरची भर पडते आणि बाहेरून बाहेर माप होतं ३३ बाय ४१.७. इंचात म्हणाल तर जवळजवळ १३ बाय साडेसोळा.

लिस्टिंगमध्ये गेलं ते हेच: "वॉटरकलर प्रिंट, १३ बाय १६.५ इंच". घेणाऱ्या बाईंनी सोफ्यामागच्या भिंतीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखून ठेवला होता. हातात आलेलं चित्र होतं ७ बाय साडेदहा इंचांचं. लांबी-रुंदीच्या आकड्यांत फरक फार मोठा वाटत नाही, पण क्षेत्रफळ काढून बघा. बाहेरचा आयत १३७६ चौरस सेंटीमीटरचा, चित्र ४८१ चौरस सेंटीमीटरचं. म्हणजे ज्या आकाराचे पैसे घेतले त्यात चित्र जेमतेम एक तृतीयांश आहे, बाकी माउंट, कोरी कड आणि पट्टी. बाईंनी चित्राशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवला. त्यावर वहिनीकडे काहीही उत्तर नव्हतं, आणि असूही शकत नव्हतं.

बाहेरचं माप लागतंच, एवढं मी मान्य करते. भिंतीवर जागा किती लागेल ते त्याच आकड्याने कळतं. पण तो आकडा चित्राचा म्हणून द्यायचा नसतो. संग्रहालयांच्या नोंदींमध्ये छापील चित्राचं माप आणि कागदाचं माप वेगवेगळं दिलेलं असतं, उंची आधी आणि रुंदी नंतर. आपल्यालाही तेच करता येतं. वहिनीच्या लिस्टिंगमध्ये आता असं लिहिलंय: "छापलेलं चित्र २६.७ × १८ सेंमी (उंची × रुंदी), कागद ए-फोर, माउंटची खिडकी २७.७ × १९ सेंमी, फ्रेम बाहेरून ४१.७ × ३३ सेंमी, जाडी २ सेंमी." उंची आधी लिहिल्याने चित्र उभं आहे की आडवं हेही सांगून होतं. फ्रेमवाले बहुधा लहान आकडा आधी बोलतात, म्हणून "उंची × रुंदी" हे शब्द गाळू नका.

फ्रेमशिवाय प्रिंट विकणाऱ्यांचा घोळ वेगळाच. ए-थ्री कागद २९.७ बाय ४२ चा, आणि डिजिटल प्रेसवरचा बारा-अठरा कागद ३०.५ बाय ४५.७ चा. अनेक जण ए-थ्रीला सर्रास "१२ बाय १८" म्हणतात. ग्राहक त्या भरवशावर बारा-अठराची तयार फ्रेम आणतो, तर लांबीत पावणेचार सेंटीमीटरची फट राहते आणि प्रिंट आत घसरतो. कागद कापून बसवता येतो, वाढवता येत नाही.

आता रंग. मोबाइलच्या पडद्यांमुळे रंग बदलतो हे खरं आहे. एकाच कंपनीच्या दोन फोनमध्ये एक भडक मोडवर आणि एक साध्या मोडवर असेल, तरी तोच लाल वेगळा दिसतो. ती ओळ लिहायला माझी हरकत नाही. पण ती ओळ पडद्याच्या फरकापुरती आहे, तुमच्या फोटोच्या फरकाला ती झाकू शकत नाही.

वहिनीच्या एका चित्रात नऊवारीतली बाई आहे. मूळ चित्रात जरीचा काठ तिने सोनेरी रंगाने काढलाय, उजेडात तो चमकतो. लिस्टिंगमध्ये फोटो होता मूळ चित्राचा, आणि विकला जात होता प्रिंट. चार रंगांच्या छपाईत धातूची चमक येत नाही, सोनेरीचा मोहरीसारखा पिवळा किंवा तपकिरी होतो. हा फरक कुठल्याही पडद्याने केलेला नाही. तसाच पडद्यावरचा गडद निळा छपाईत जांभळ्याकडे झुकतो, झगझगीत नारिंगी आणि पोपटी मंद होतात. हे आधीच माहीत असतं, तर आधीच लिहायचं: "हा प्रिंट आहे. मूळ चित्रातला सोनेरी काठ इथे चमकत नाही, मोहरी रंगाचा दिसतो." आणि फोटो प्रिंटचाच लावायचा.

फोटो खिडकीजवळ घ्या, पण थेट ऊन नको, आणि खोलीतला पिवळा दिवा बंद ठेवा. प्रिंटशेजारी त्याच कागदाचा कोरा तुकडा ठेवा. फोटोत तो तुकडा पिवळा किंवा निळसर दिसत असेल तर बाकीचे रंगही तितकेच सरकलेत. मग तो फोटो घरातल्या दोन-तीन फोनवर उघडा आणि प्रत्यक्ष प्रिंट बाजूला धरा. जो फरक सगळ्या फोनवर सारखाच दिसतो तो तुमच्या फोटोचा दोष आहे, तो दुरुस्त करा. जो फोनागणिक बदलतो तो पडद्याचा, आणि तेवढ्यासाठीच ती ओळ आहे. पुढच्या खेपेला दुसऱ्या कागदावर किंवा दुसऱ्या मशीनवर प्रिंट काढलात तर फोटोही नवा घ्या, कारण जुन्या फोटोतला रंग त्या प्रिंटचा नसतो.

"कायद्याने रिटर्न घ्यावंच लागत नाही" हे वाक्य तर धडधडीत खोटं आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्यांसाठी स्पष्ट लिहिलंय: वस्तूचे गुणधर्म जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. माप, कागद, फ्रेमचं साहित्य हे सगळे गुणधर्मच आहेत. आपण छोटे आहोत, हे आपल्याला लागू नाही, असंही समजू नका. सूट आहे ती धंदा म्हणून नियमित न विकता खासगीरीत्या एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला. दर महिन्याला प्रिंट विकणाऱ्याला ती मिळत नाही. खाली टाकलेली एक ओळ या नियमाच्या वर बसत नाही.

कागद घरी कोण तपासतंय? कोणीही तपासू शकतं, आणि तेही पोहे मोजायच्या डिजिटल काट्यावर. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचं क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असतं. म्हणून ३०० जीएसएमचा ए-फोर कागद १९ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १३० चा असेल तर आठच ग्रॅम भरेल. फ्रेम उघडायला लागते एवढाच काय तो अडथळा.

शिवाय वजन खरं असूनही कागद वेगळा असू शकतो. छापखान्यात आर्ट पेपर म्हणजे माहितीपत्रकांना वापरतात तो लेप दिलेला गुळगुळीत कागद. चित्रं विकत घेणारा मात्र ते वाचून जलरंगाचा खरबरीत कागद डोळ्यांपुढे आणतो. दोन्ही ३०० जीएसएमचे मिळतात आणि किमतीत फार मोठा फरक असतो. सुती कागद आहे की लाकडी लगद्याचा, लेप आहे की नाही, शाई पिगमेंटची, डायची की प्रेसचा टोनर, हे प्रिंट काढून देणाऱ्याला विचारा आणि तेच लिहा. त्याने सांगितलं नाही तर "लेप नसलेला, जाड, मॅट कागद" असं जे दिसतं तेवढंच लिहा.

फ्रेमबद्दल थोडक्यात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच "वुडन" पट्ट्या सिंथेटिक असतात किंवा वरून फॉइल लावलेल्या एमडीएफच्या. मागच्या बाजूने कोपरा बघितला की कळतं. सिंथेटिक पट्टीत वाईट काही नाही, हलकी असते आणि कोकणातल्या पावसाळ्यात फुगत नाही, तेव्हा नाव घ्यायला लाजायचं कारण नाही. समोरच्या काचेचं मात्र खोटं बोलू नका. कुरिअरमध्ये फुटू नये म्हणून बहुतेक जण ॲक्रिलिक लावतात, ते योग्यच आहे. पण "ग्लास" वाचून ग्राहक काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे मारतो आणि ॲक्रिलिक धुरकट होतं. कोरड्या फडक्याने घासलं तरी चरे पडतात. "समोर ॲक्रिलिक, ओल्या मऊ कापडाने पुसावं" ही ओळ तुमचं चित्र वाचवते. माउंट नसेल तर तेही लिहा, कारण दमट हवेत प्रिंट काचेला थेट टेकला तर चिकटतो आणि सोडवताना फाटतो.

ज्यांनी हा मेसेज वाचून लिस्टिंग बदलल्या असतील त्यांनी आजच त्या दुरुस्त कराव्यात. जुन्या वर्णनावर आलेल्या पण अजून न पाठवलेल्या ऑर्डर असतील, तर पार्सल बांधण्याआधी त्या ग्राहकांना चित्राचं खरं माप, कागद आणि प्रिंटचा फोटो पाठवा आणि विचारा, हे चालेल का. वहिनीने तसं केलं तेव्हा एकाने ऑर्डर रद्द केली, बाकीच्यांनी तेच चित्र घेतलं.