एकाची किल्ली दुसऱ्यात, दुसऱ्याची पहिल्यात

गेल्या पावसाळ्यात माझे मामा हिंदमाताच्या कमरेइतक्या पाण्यातून चालत लालबागला घरी पोचले आणि खिशातला फोन कायमचा गेला. सिम मात्र शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी नवा फोन घेतला, सिम घातलं, बँकेचे ओटीपी यायला लागले. मग मेल उघडायला गेले आणि तिथेच अडकले. मामा त्यांच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. इमारत पुनर्विकासाला जायची आहे. कराराचा मसुदा, वकिलांची पत्रं, सभासदांची संमतीपत्रं, सगळं त्या एका मेलमध्ये. आणि सर्वसाधारण सभा नऊ दिवसांवर आलेली.

मामा पासवर्ड विसरले नव्हते. त्यांना तो पाठ होता, पहिल्याच वेळी बरोबर टाकला. पुढे पडद्यावर आलं की तुमच्या दुसऱ्या ईमेलवर सहा अंकी कोड पाठवला आहे. हे दुसरं खातं त्यांनी माझ्या मामेभावाच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी केव्हातरी उघडलं होतं. त्याचा पासवर्डही मामींच्या डायरीत सापडला. तो टाकला, तर त्या खात्याने सांगितलं की हा फोन ओळखीचा नाही, खात्रीसाठी कोड पाठवतोय. कुठे? पहिल्या ईमेलवर.

दोन्ही पासवर्ड हातात, दोन्ही खाती स्वतःची, सिम चालू, आणि तरी दोन्ही दारं बंद. पहिल्याची किल्ली दुसऱ्या घरात आणि दुसऱ्याची पहिल्या घरात.

मी विचारलं, "मामा, तुमचा मोबाईल नंबर नव्हता का दिलेला?" म्हणाले, "अगं दिला होता की. पण तो जुना." खाती उघडली तेव्हाचा नंबर त्यांनी रिचार्ज करणं सोडून दिलं होतं. आपल्याकडे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. ट्रायचा तसा नियम आहे. त्यानंतर किमान ९० दिवस थांबून तोच नंबर दुसऱ्या माणसाला दिला जातो. म्हणजे मामांच्या मेलचा कोड उद्या एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकला असता. बँकेत त्यांनी नवा नंबर नोंदवला, गॅस एजन्सीत नोंदवला, आधारला जोडला. मेलमध्ये नोंदवायचं राहिलं, कारण मेल कधी विचारतच नाही. जुन्या फोनमध्ये तो कायम उघडाच असायचा. ही साखळी कितीतरी वर्षं बंद होऊन पडली होती, आणि फोन भिजेपर्यंत ते कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं.

पहिल्या तीन दिवसांत घरच्यांनी जे केलं त्याने प्रकरण जास्त बिघडलं. ते कुणाच्याही घरी होऊ शकतं, म्हणून लिहिते. नव्या फोनवरून वीस-पंचवीस वेळा प्रयत्न झाले. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवरून झाले. मामेभावाने बंगळुरूहून केले. मेल कंपनीच्या यंत्रणेला यात एवढंच दिसतं की वेगवेगळ्या शहरांतून, अनोळखी यंत्रांवरून कुणीतरी दार ठोठावतंय. चोर आला तरी असंच दिसेल. चौथ्या प्रयत्नानंतर दुसऱ्या खात्यावर "काही काळ प्रवेश बंद, नंतर प्रयत्न करा" असा संदेश आला आणि प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक तो काळ लांबत गेला. खातं परत मिळवायचा फॉर्मही भरला, पण तोही अनोळखी फोनवरून, अंदाजाने उत्तरं देत. नकार आला. तो फॉर्म बहुतेक वेळा माणूस वाचत नाही. तुम्ही नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या वायफायवरून, नेहमीच्या जागेवरून आलात का, याला तिथे मोठं वजन असतं.

याहून वाईट थोडक्यात टळलं. मामींनी इंटरनेटवर शोधून मेलची "कस्टमर केअर" म्हणून एक नंबर मिळवला होता. पलीकडचा माणूस गोड बोलत होता, पाच रुपये भरा आणि हे ॲप टाका म्हणाला. ॲप स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारं होतं. मामींनी सुदैवाने आधी मला फोन केला. फुकटच्या मेल खात्याचं कुलूप फोनवरून उघडून देणारा माणूस सहसा नसतोच. असा नंबर सापडला तर तो चोराचाच समजा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

मी शनिवारी गेले तेव्हा आधी सगळ्यांना प्रयत्न थांबवायला लावले. मग एका कागदावर दोन गोल काढले, पहिलं खातं आणि दुसरं खातं, आणि कशाने काय उघडतं त्याचे बाण काढले. दोनच बाण, एकमेकांकडे. त्यांच्या बाहेर कुठेही न जाणारे. पण हे बाण नव्याने आत शिरणाऱ्यासाठी असतात. जिथे खातं आधीपासून उघडं आहे तिथे कोड लागत नाही. म्हणून मी विचारलं, "यातलं एखादं खातं कधीतरी दुसऱ्या कुठल्या यंत्रावर उघडलेलं होतं का?"

मामा खूप वेळ आठवत बसले. मग मामी म्हणाल्या, "अहो, तो काळा लॅपटॉप?" मामेभावाचा जुना लॅपटॉप माळ्यावर होता, आठ महिने बंद. त्यात त्याने एक मेल प्रोग्रॅम बसवून दिला होता, ब्राउझर नव्हे, मेल आपणहून खाली उतरवून घेणारा. त्यात दुसरं खातं जोडलेलं होतं. अशा प्रोग्रॅमला एकदा परवानगी मिळाली की तो दर वेळी कोड मागत नाही, जवळचा परवाना दाखवून आत जातो. पुढच्या दारावर पहारा वाढला तरी पूर्वी आत आलेल्याला बरेचदा कुणी हटकत नाही.

नेहमी मात्र असं नसतं. कंपनीने संशयावरून खातंच गोठवलं असेल किंवा पासवर्ड बदलला गेला असेल, तर जुने परवानेही रद्द होतात. ओळखायचं असं: प्रोग्रॅम उघडल्यावर आजची तारीख असलेलं एखादं पत्र आत आलं, तर परवाना जिवंत आहे. जुनीच पत्रं दिसत राहिली आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर तो मेला. म्हणून अशा वेळी घाबरून आधी पासवर्ड बदलायला जाऊ नका. ज्या एका खिडकीतून आत जाता आलं असतं, ती त्यानेच बंद होते.

लॅपटॉप चार्जिंगला लावला, घरच्याच वायफायला जोडला. दोन मिनिटं काहीच नाही. मग पत्रं धडाधड उतरायला लागली, आठ महिन्यांची, आणि सर्वात वर त्याच सकाळचं एक. आता नव्या फोनवर पहिल्या खात्याचा पासवर्ड टाकला. कोड दुसऱ्या खात्यावर निघाला आणि लॅपटॉपवर उतरला. असे कोड थोडाच वेळ चालतात, म्हणून मामांनी तो मोठ्याने वाचला आणि मी टाइप केला. पहिलं खातं उघडलं. मग दुसऱ्या खात्याची बंदी उठायची संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्याचा कोड आता उघड्या पहिल्या खात्यात आला, तेही उघडलं. वर्तुळ एका ठिकाणी तुटलं की सगळंच सुटतं.

हे सगळं नशिबावर गेलं. लॅपटॉप भंगारात दिला असता तर मामा आजही बाहेर असते. म्हणून मला राग आहे तो इथे. ईमेलवर येणारा कोड ही दुसरी किल्ली नव्हेच. दुसरी पायरी कशासाठी असते? पासवर्ड माहीत असणं ही एक गोष्ट, आणि एखादी वस्तू हातात असणं ही दुसरी. फोन ही वस्तू आहे, सिम ही वस्तू आहे, कागदही वस्तू आहे. ईमेल हे पासवर्डने उघडणारं आणखी एक कुलूप आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ च्या आपल्या नियमावलीत हेच कारण देऊन अशा पडताळणीसाठी ईमेल वापरायला मनाई केली. तो कोड ठरावीक यंत्र तुमच्या हातात असल्याचं सिद्ध करत नाही. तरीही कित्येक सेवा आजही तोच पर्याय सर्वात आधी पुढे करतात. काही पासवर्ड मॅनेजरही नव्या यंत्रावर ईमेलने कोड पाठवतात, आणि त्या ईमेलचा पासवर्ड त्याच मॅनेजरमध्ये ठेवलेला असतो. तोही हाच फास.

आणि मामांची दोन्ही खाती एकाच कंपनीची होती. 'अ'ची सुटका 'ब'कडे आणि 'ब'ची 'अ'कडे आहे, हे त्यांच्या नोंदीत लिहिलेलंच होतं. ज्या दिवशी दुसरा बाण काढला गेला त्या दिवशी पडद्यावर एक ओळ दाखवता आली असती की ही दोन खाती एकमेकांवरच टेकली आहेत, तिसरं काहीतरी जोडा. पत्ता तपासायला जेवढं काम लागतं तेवढ्यात हे झालं असतं. ते का करत नाहीत, याचं मला पटेल असं एकही कारण सापडत नाही. सिम हरवलं तर मोबाईल कंपनीच्या गॅलरीत ओळखपत्र घेऊन जाता येतं. बँक अडली तर शाखेत जाऊन सही करता येते. मेलला काउंटर नाही. ज्याला काउंटर नाही त्याने तरी आपल्या दोऱ्या तपासायला हव्यात.

त्या संध्याकाळी, सगळं उघडल्यावर आम्ही पासवर्डला हात लावला नाही. आधी चालू मोबाईल नंबर दोन्ही खात्यांत घातला आणि जुना काढला. मग खात्याच्या सुरक्षा विभागातून बॅकअप कोड काढले. हे आधीच बनवून ठेवलेले अंक असतात, प्रत्येक एकदाच चालतो आणि त्यांना फोन, सिम, मेल यातलं काहीच लागत नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचं मामांच्या मनात होतं, मी नको म्हटलं. पेनाने उतरवले. एक कागद मामींच्या लोखंडी कपाटात, एक माझ्याकडे डोंबिवलीला. त्या दोन गोलांतून पहिल्यांदाच एक बाण बाहेर गेला. दुसऱ्या खात्यात मामा आता महिन्याला एकदा शिरतात. गूगलसारख्या कंपन्या दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतात, आणि सुटकेचा पत्ताच नाहीसा झाला तर कोड जाणार कुठे?

मामा सभेला कागद घेऊन वेळेवर पोचले. माझ्या आईचं खातं अजून बघायचं आहे. तिचा कोड बाबांच्या मेलवर जातो, आणि बाबा जाऊन तीन वर्षं झाली. येत्या रविवारी कागद-पेन घेऊन तिच्याजवळ बसणार आहे.