मोतीबिंदू उजव्या डोळ्यात, घाई डाव्यामुळे

‘‘बाळाच्या उजव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू निघालाय. डावा अगदी छान आहे. वर्षाची झाली की ऑपरेशन करू, असं सगळे म्हणतात. चालेल ना रे?’’ बडोद्याहून मामेबहिणीचा निरोप.

नाही, ताई. डावा छान आहे म्हणूनच चालणार नाही.

ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली होती. काही महिन्यांनी टाके काढले तेव्हा डोळा धड होता, पण मेंदूच्या दृष्टिभागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्याचंच ऐकत होत्या. दोन्ही डोळे शिवले, तेव्हा मात्र पुष्कळ पेशी शाबूत राहिल्या. म्हणजे नुसता अंधार नडत नाही, चालता डोळा बंद डोळ्याची जागा बळकावतो. मोठ्या मांजरात हे घडलंच नाही.

म्हणून एकाच डोळ्याचा दाट मोतीबिंदू साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत काढतात. अगदी पहिल्या महिन्यात काढला तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, तेव्हा जन्मल्या जन्मल्याही नाही.

दांडिया बाजारातल्या घरात यावर परिषदच भरली. आजी म्हणाली, ‘‘माझा पिकेपर्यंत थांबले होते की!’’ आजीच्या मेंदूने सत्तर वर्षं आधीच पाहून घेतली होती, हे तिला कोण सांगणार? काका उलट टोकाला. ‘‘आठ वर्षांनंतर मेंदू शिकतच नाही, मोठ्या मुलांवर खर्च कशाला?’’ हे अर्धंच खरं. भारतात मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात दोन्ही डोळ्यांनी आंधळी जन्मलेली मुलं मोठेपणी ऑपरेशन करून पाहू लागली. 2011 मध्ये छापलेल्या प्रयोगात, हाताने चाचपलेली वस्तू त्यांना सुरुवातीला नजरेने ओळखता आली नाही, पण थोड्याच दिवसांत जमू लागली. नजरेची बारकाई अधू राहिली, तरी वाट दिसणं काही थोडं नाही.

इथे इंग्लंडमध्ये 72 तासांत, मग सहा ते आठ आठवड्यांत बाळाच्या बुबुळात प्रकाश टाकून पाहतात. आपल्याकडच्या 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही जन्मजात मोतीबिंदू आहेच. मला इथलं ठरलेल्या दिवसाचं बंधन आवडतं. फोटोत बुबुळ पांढरं चमकलं, तर ती डोळ्यातली कॅन्सरची गाठही असू शकते, आणि ती तर मुळीच थांबत नाही.

मात्र ऑपरेशननंतर खरं काम सुरू होतं: उजव्याला लेन्स आणि डाव्यावर रोज पट्टी, वर्षानुवर्षं. एवढं करूनही पुष्कळ मुलांचा तो डोळा कमजोरच राहतो. इथल्या आईबापांचाही धीर सुटतो, आणि तिथे तर सासरची, माहेरची अख्खी फौज ‘‘रडतंय, काढ ती पट्टी’’ म्हणायला हजर.

ताईने लगेच विचारलं, पट्टीने डावा बिघडला तर? शंका रास्त आहे. अती झाकला तर तोही मागे पडतो, म्हणून तास डॉक्टरांनी ठरवायचे आणि दोन्ही डोळे तपासत राहायचे. नेमके किती तास, यावर त्यांचंही एकमत नाही.